बघतो, करतो, कळवतो : टाउन हॉलमधले प्रश्न, उत्तरे आणि आश्वासने

कंपनीचा टाउन हॉल म्हणजे वरिष्ठ अधिकारी आणि झाडून सगळे कर्मचारी यांची एकत्र बैठक. तिच्या पहिल्या भागात तिमाहीचे आकडे, नव्या ऑर्डरी आणि सत्कार होतात. दुसऱ्या भागात माइक कर्मचाऱ्यांकडे जातो आणि प्रश्न सुरू होतात. हल्ली बहुतेक ठिकाणी बैठकीचे रेकॉर्डिंग होते आणि बैठकीच्या सॉफ्टवेअरमधून तिचा ट्रान्स्क्रिप्टही आपोआप तयार होऊन मिळतो. तासाभराच्या बोलण्याचे सात-आठ हजार शब्द सहज होतात. एवढे कोणी वाचत नाही. म्हणून त्याचा सारांश काढला जातो आणि त्यात ‘कर्मचारी वाहतुकीबाबत सकारात्मक चर्चा झाली’ असे एखादे वाक्य येते. ते खोटे नसते, पण बसची वाट पाहणाऱ्याच्या उपयोगाचेही नसते.

नेहमीच्या बैठकीचे इतिवृत्त ठराव आणि निर्णयांभोवती लिहिलेले असते. टाउन हॉलमध्ये ठराव होत नाहीत. तिथे लोक विचारतात, वरचे सांगतात आणि सांगता सांगता काही कबूल करतात. त्यामुळे इथल्या नोंदीला तीन कप्पे लागतात : काय विचारले, काय उत्तर मिळाले आणि पुढे काय करण्याचे कबूल केले. तिन्ही वेगळे ठेवण्यामागे कारण आहे. प्रश्न आणि उत्तर यांच्यात जे अंतर राहते, तीच वाचणाऱ्याला हवी असलेली माहिती असते आणि सलग सारांशात ते अंतर बुजून जाते.

हे काम कसे चालते ते एका कल्पित पण ओळखीच्या वाटेल अशा उदाहरणावरून पाहता येईल. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, असे समजू. 10 जुलैला तिथे टाउन हॉल झाला. सॉफ्टवेअरकडून आलेल्या फाइलमधला एकेचाळिसाव्या मिनिटाचा भाग असा :

```
00:41:12.000 --> 00:41:30.000
<v Floor Mic>मौसीची बस मेपासून बंद आहे ती परत
कधी सुरू होणार आणि तोपर्यंत सेकंड शिफ्टवाल्यांना
भत्ता मिळणार का मागच्या वेळी पण बघतो म्हणाले होते

00:41:33.000 --> 00:42:08.000
<v Plant Head>चांगला प्रश्न आहे. ट्रान्सपोर्टवर आपण
गेल्या वर्षी किती खर्च वाढवला ते सगळ्यांना माहीत आहे.
नवीन व्हेंडरशी बोलणी चालू आहेत. पुढच्या महिन्यापर्यंत
काहीतरी होईल असं मला वाटतं. भत्त्याचं एचआर बघेल.

00:42:09.000 --> 00:42:16.000
<v Plant Head>हो भत्त्याचं मी पॉलिसी बघून पंधरा
तारखेपर्यंत नोटीस बोर्डावर लावते
```

ही वेबव्हीटीटी नावाच्या सर्वसाधारण प्रकारातली फाइल आहे. प्रत्येक तुकड्याच्या वर सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, खाली बोलणाऱ्याचे नाव आणि शब्द. या वेळा शेवटपर्यंत सांभाळायच्या असतात, कारण पुढे वाद झाला तर रेकॉर्डिंगमधली नेमकी जागा त्यांच्यामुळेच सापडते.

पहिले काम ट्रान्स्क्रिप्ट ताडून पाहण्याचे. वरच्या तुकड्यात ‘मौसीची बस’ आली आहे. ती अर्थातच मोशीची. असल्या चुका डोळ्यांत भरतात, म्हणून त्या फारशा घातक नसतात. घातक चुका वाचताना खटकत नाहीत. ‘मिळणार नाही’मधला ‘नाही’ टाळ्यांत बुडतो, ‘पंधरा’चे ‘पंचवीस’ होते, एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळले की मधलाच एखादा शब्द गळतो आणि तरीही वाक्य सुसंगत दिसत राहते. म्हणून सगळे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला वेळ नसेल, तर निदान चार गोष्टी असलेली ठिकाणे कानाने तपासावी लागतात : आकडे, तारखा, नकार आणि माणसांची वा गावांची नावे.

बोलणाऱ्याचे नाव ही दुसरी अडचण. व्यासपीठावर दोघांत एक माइक असेल, तर सॉफ्टवेअर दोघांचे बोलणे एकाच्याच नावावर टाकू शकते. शेवटच्या तुकड्यावर प्लान्ट हेडचे नाव आहे. पण हा अधिकारी पुरुष आहे आणि वाक्य ‘लावते’ असे संपते. मराठी क्रियापदच इथे चुगली करते. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळते की ते वाक्य शेजारी बसलेल्या एचआर मॅनेजर बाईंचे आहे. हा पुरावा नव्हे, खूणच. काही बोलींत ही रूपे वेगळी चालतात, म्हणून खात्री आवाजावरूनच करायची. पण ही दुरुस्ती राहिली असती, तर भत्त्याच्या नोटिशीची जबाबदारी भलत्याच माणसाच्या नावावर लागली असती.

आणखी एक गोष्ट ट्रान्स्क्रिप्टमध्ये मुळातच नसते : चॅटमध्ये किंवा प्रश्नांच्या ॲपमध्ये टाइप केलेले प्रश्न. सूत्रसंचालक त्यांतले काही वाचून दाखवतो, काही एकत्र करतो आणि काही वेळेअभावी सोडतो. म्हणून ती यादी वेगळी मागवून शेजारी ठेवावी लागते. सूत्रसंचालकाने ‘कँटीनबद्दल दोन-तीन प्रश्न आहेत’ एवढेच म्हटले असेल आणि मूळ प्रश्न ‘रात्रपाळीचे जेवण दोनदा खराब का निघाले?’ असा असेल, तर नोंदीत मूळ प्रश्न जातो आणि तो कोणत्या रूपात वाचला गेला तेही जाते. उत्तर देणाऱ्याने ऐकले ते दुसरे रूप. त्याला पहिल्याचे उत्तर दिले नाही म्हणून दोष देणे अन्यायाचे होईल.

आता प्रश्न वेगळे काढायचे. एकदा माइक हातात आला म्हणजे एक प्रश्न, असे मानून चालत नाही. मोशीच्या बसबद्दल बोलणाऱ्याने एका दमात तीन गोष्टी विचारल्या. बस कधी सुरू होणार, हा एक. तोपर्यंत भत्ता मिळणार का, हा दुसरा. तिसरा प्रश्नचिन्हाशिवाय आला : ‘मागच्या वेळी पण बघतो म्हणाले होते.’ व्याकरणाने हे विधान आहे, पण सभागृहातल्या प्रत्येकाला ते प्रश्न म्हणूनच ऐकू येते. मागच्या आश्वासनाचे काय झाले, असा त्याचा अर्थ. असे वाक्य गाळले तर सर्वांत अवघड प्रश्नच गळतो. ते प्रश्न म्हणून नोंदवताना मात्र बोलणाऱ्याचे मूळ शब्द शेजारी द्यायचे, म्हणजे अर्थ लिहिणाऱ्याने लावला आहे हे उघड राहते. याउलट ‘आपली कंपनी खरंच किती छान आहे, नाही का?’ याला प्रश्नचिन्ह असले तरी यादीत जागा नको.

तीन भागांना एकच क्रमांक आणि अ, ब, क अशी पोटअक्षरे दिली की ते एकत्रही राहतात आणि सुटेही दिसतात. इथे हा चौदावा प्रश्न होता असे धरू. विचारणाऱ्याचे नाव लिहायचे की नाही हे बैठकीआधीच ठरलेले असावे. ज्या प्रश्नासाठी कोणाला त्रास होऊ शकतो, तिथे ‘सेकंड शिफ्टमधील कर्मचारी’ एवढे पुरते. पण वर्णन फार नेमके झाले तर नाव न लिहूनही माणूस ओळखू येतो. सेकंड शिफ्टला मोशीहून येणारे दोघेच असतील, तर नाव गाळल्याने काही साधत नाही.

उत्तरांच्या कप्प्यात सर्वांत जास्त घसरण होते, कारण लिहिणाराही एक श्रोताच असतो आणि श्रोत्याला प्रश्न लवकर विसरायला होतो. अमेरिकेतले संशोधक टॉड रॉजर्स आणि मायकल नॉर्टन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे नीट दाखवले आहे. लोकांना एका राजकीय वादसभेचे चित्रण दाखवले. उत्तर प्रत्येक वेळी आरोग्यसेवेबद्दलचेच होते, पण प्रश्न बदलला होता. आरोग्याऐवजी अमली पदार्थांबद्दल विचारले तेव्हा, विषय जवळपासचा असल्याने, बगल दिलेली बऱ्याच जणांना कळलीच नाही आणि मूळ प्रश्न काय होता हेही त्यांना नीट आठवेना. दहशतवादाबद्दल विचारून आरोग्याचे उत्तर आले तेव्हा मात्र ते लक्षात आले. उत्तर चालू असताना प्रश्न पडद्यावर लिहून ठेवला की बगल ओळखणाऱ्यांचे प्रमाण वाढले. नोंद करणाऱ्याची रीत यातूनच ठरते : उत्तराचे प्रत्येक वाक्य वाचताना प्रश्न डोळ्यांसमोर हवा आणि हे वाक्य अ, ब, क यांपैकी कशाचे उत्तर आहे, एवढेच विचारायचे.

प्लान्ट हेडच्या उत्तराला ही कसोटी लावली तर काय उरते? ‘चांगला प्रश्न आहे’ हा शिष्टाचार. गेल्या वर्षी वाहतुकीवरचा खर्च वाढला, हे खरे असेलही, पण ते कोणी विचारले नव्हते. विषय तोच असल्यामुळे ते उत्तरासारखे ऐकू येते एवढेच. ‘नवीन व्हेंडरशी बोलणी चालू आहेत’ ही प्रश्न अ ला लागू पडणारी खरी माहिती. ‘पुढच्या महिन्यापर्यंत काहीतरी होईल असं मला वाटतं’ हा अंदाज. ‘भत्त्याचं एचआर बघेल’ म्हणजे प्रश्न ब दुसऱ्याकडे सोपवला. प्रश्न क ला एका शब्दाचेही उत्तर नाही.

यावरून प्रत्येक उत्तरापुढे त्याची स्थिती लिहिता येते. उत्तर पूर्ण मिळाले, अर्धे मिळाले, दुसऱ्याच गोष्टीचे मिळाले, देण्यास नकार मिळाला, पुढे ढकलले गेले किंवा मिळालेच नाही, एवढ्या स्थिती सहसा पुरतात. नकाराला वाईट समजण्याचे कारण नाही. ‘पगारवाढीची बोलणी युनियनशी चालू आहेत, म्हणून आज काही सांगता येणार नाही’ हा कारणासह दिलेला नकार पुष्कळ गोड उत्तरांपेक्षा प्रामाणिक असतो आणि तो तसाच नोंदवला जावा. स्थिती लिहिताना चिडका सूर टाळायचा. ‘टाळाटाळ केली’ हा आरोप झाला. ‘प्रश्न क : उत्तर दिले गेले नाही’ ही नोंद झाली. उत्तराचा मजकूर संक्षिप्त करायला हरकत नाही, पण क्रियापद बोलणाऱ्याचेच ठेवायचे. ‘होईल असं मला वाटतं’चे ‘होणार आहे’ केले की लिहिणाऱ्याने कंपनीच्या वतीने परस्पर शब्द दिला असे होते.

तिसरा कप्पा आश्वासनांचा. कोणते बोलणे आश्वासन धरायचे, हा प्रश्न कंपन्यांच्या फार आधी संसदेला पडला. मंत्री सभागृहात ‘बघतो’ म्हणाले, त्याचे पुढे काय झाले, हे तपासण्यासाठी लोकसभेत 1953 साली सरकारी आश्वासन समिती स्थापन झाली. राज्यसभेने 1972 साली तशीच समिती नेमली आणि महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. लोकसभेने तर आश्वासन मानायच्या शब्दप्रयोगांची नमुना यादीच करून ठेवली आहे. ‘मी यात लक्ष घालीन’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘चौकशी चालू आहे’, ‘सदस्यांना माहिती कळवीन’ अशा धर्तीची वाक्ये तिच्यात आहेत. म्हणजे साधे ‘विचाराधीन आहे’ म्हटले तरी खाते बांधले जाते आणि साधारणपणे तीन महिन्यांत पूर्ततेचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो.

कंपनीने इतके कडक व्हावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. प्रत्येक ‘बघतो’ आश्वासन धरले, तर पुढच्या खेपेस अधिकारी तोंडच उघडणार नाहीत. फक्त तारखेसह दिलेला शब्दच धरला, तर यादी जवळजवळ रिकामी राहील. मधला मार्ग असा की आश्वासनाचे तीन भाग तपासायचे : कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत. तिन्ही असतील तर ते पक्के आश्वासन. एखादा भाग नसेल तर ते यादीत जाते, पण ती जागा रिकामी ठेवून. रिकाम्या जागी ‘ठरले नाही’ असे लिहायचे. लिहिणाऱ्याने स्वतःच्या समजुतीने तारीख किंवा नाव भरायचे नाही. मराठीत कर्ता झाकणे सोपे असल्यामुळे हे जास्तच जपावे लागते. ‘होऊन जाईल’ म्हणताना करणारा कोणी नसतो आणि ‘आपण करूया’ म्हणताना सगळेच असतात. दोन्ही वेळा ‘कोण’ची जागा रिकामीच राहते.

एचआर मॅनेजरच्या वाक्यात तिन्ही भाग आहेत. कोण? त्या स्वतः. कधीपर्यंत? पंधरा तारखेपर्यंत. काय, याचे उत्तर मात्र बारकाईने वाचायला हवे. त्यांनी भत्ता देण्याचे कबूल केलेले नाही. धोरण पाहून नोटीस लावण्याचे कबूल केले आहे, आणि त्या नोटिशीत नकारही असू शकतो. ‘भत्ता 15 तारखेपर्यंत’ अशी नोंद झाली तर सोळाव्या दिवशी गेटवर भांडण ठरलेले. तारीखही वाटते तितकी स्पष्ट नाही. बैठक 10 जुलैची; म्हणजे पंधरा तारीख पाच दिवसांवरची, की ऑगस्टची? हे त्यांनाच विचारून घ्यायचे आणि ‘15 जुलै, नंतर विचारून निश्चित केली’ असे लिहायचे. ‘भत्त्याचं एचआर बघेल’ हे वाक्य एकटेच असते, तर तो दुसऱ्याच्या वतीने दिलेला शब्द झाला असता आणि ज्याच्या नावावर तो लागतो त्याचा होकार मिळेपर्यंत तो कच्चाच राहिला असता. इथे शेजारी बसलेल्या बाईंनी तो लगेच उचलला.

शेवटचा सापळा लांबच्या पानावर असतो. या बैठकीत अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, समारोप करताना, व्यवस्थापकीय संचालक म्हणाले : ‘बसचं एक सांगतो. व्हेंडर अजून ठरलेला नाही, तारीख मी देत नाही. पण मला स्वतःला दर आठवड्याला त्याचा रिपोर्ट पाहिजे.’ सतरा मिनिटांपूर्वीचा ‘पुढच्या महिन्यापर्यंत’चा अंदाज इथे मागे घेतला गेला. प्रश्नोत्तरांचा भाग संपला म्हणून तिथेच वाचन थांबवणाऱ्याच्या हातून हे निसटते आणि कर्मचारी ऑगस्टभर बसची वाट पाहतात. आठवड्याच्या रिपोर्टची गोष्ट ऐकायला आश्वासनासारखी आहे, पण ती हाताखालच्या लोकांना दिलेली सूचना आहे; तो रिपोर्ट कर्मचाऱ्यांना दाखवू, असे कोणी म्हटलेले नाही. म्हणून प्रत्येक विषयाचा मुख्य शब्द, इथे ‘बस’, ‘मोशी’, ‘ट्रान्सपोर्ट’, संपूर्ण फाइलमध्ये शोधून सगळे उल्लेख एका जागी आणावे लागतात. सुरुवातीच्या भाषणातही काही कबुल्या असतात आणि त्या कोणत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून आलेल्या नसतात. त्यांची वेगळी यादी होते.

एवढे झाल्यावर नोंद अशी दिसते :

प्रश्न 14 अ (41:12). मोशीची बस परत कधी सुरू होणार?
उत्तर : नव्या व्हेंडरशी बोलणी चालू आहेत (प्लान्ट हेड, 41:33). ‘पुढच्या महिन्यापर्यंत काहीतरी होईल असं मला वाटतं,’ असे ते म्हणाले. व्हेंडर ठरलेला नाही, तारीख देत नाही, असे व्यवस्थापकीय संचालकांनी नंतर सांगितले (58:20). स्थिती : अर्धे उत्तर.
आश्वासन : नाही.

प्रश्न 14 ब (41:12). तोपर्यंत सेकंड शिफ्टला भत्ता मिळणार का?
उत्तर : बैठकीत मिळाले नाही. स्थिती : पुढे ढकलले.
आश्वासन : धोरण पाहून नोटीस बोर्डावर नोटीस लावणार, एचआर मॅनेजर, 15 जुलै (42:09, महिना नंतर विचारून निश्चित केला).

प्रश्न 14 क (41:12). मागच्या वेळी दिलेल्या आश्वासनाचे काय झाले? (मूळ शब्द : ‘मागच्या वेळी पण बघतो म्हणाले होते.’)
उत्तर : दिले गेले नाही.
आश्वासन : नाही.

ही नोंद सगळ्यांना पाठवण्याआधी दोन वाचने होतात. एक अशा माणसाचे, जो बैठकीत हजर होता पण ज्याने नोंद लिहिलेली नाही. तो ट्रान्स्क्रिप्टमधून उलट दिशेने जातो आणि प्रत्येक प्रश्नाला यादीत जागा मिळाली का ते पाहतो. दुसरे वाचन ज्यांच्या नावावर आश्वासने लागली आहेत त्यांचे. इथे एक नियम आधीच ठरवलेला बरा : ऐकण्यात किंवा लिहिण्यात झालेली चूक दुरुस्त होईल, बोललेले शब्द मागाहून बदलले जाणार नाहीत. कोणाला आता वेगळे सांगायचे असेल, तर ते ‘बैठकीनंतरचे स्पष्टीकरण’ म्हणून तारखेसह खाली जाते. हा नियम नसेल तर दोन-तीन टेबलांवरून फिरून येईपर्यंत ‘लावते’चे ‘शक्य झाल्यास लावण्यात येईल’ झालेले असते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर अजून जाहीर न झालेले निकालाचे आकडे नोंदीत आले आहेत का, हेही कंपनी सेक्रेटरीकडून पाहून घ्यावे लागते, कारण अशी माहिती पसरवण्यावर सेबीचे निर्बंध आहेत.

काही गोष्टी या पद्धतीने पकडता येत नाहीत. उत्तर देण्यापूर्वीची लांब शांतता वेळांच्या फरकातून थोडीशी कळते. उपरोध, हशा आणि मागच्या रांगेतली कुजबुज कळत नाही. एखादे ‘हो, हो, नक्की’ मनापासून आले की माइक काढून घेण्यासाठी, हे ट्रान्स्क्रिप्ट सांगत नाही, आणि नोंद करणाऱ्यानेही ते ठरवू नये. जे विचारण्याचे धाडसच झाले नाही ते तर कुठेच नसते.

पुढच्या टाउन हॉलला उघडी आश्वासने जुन्याच क्रमांकांनी पहिल्या पानावर येतात. संसदेच्या रीतीप्रमाणे प्रत्येकापुढे पूर्ण झाले, बाकी आहे किंवा कारण देऊन सोडून दिले, यांपैकी एक शेरा असतो. या कारखान्यात 15 जुलैला नोटीस लागली, तर तिच्यात होकार असो वा नकार, 14 ब बंद होतो. 14 क ला आश्वासन जोडलेले नाही, तरी तो अनुत्तरित प्रश्नांच्या यादीत राहतो आणि ऑक्टोबरच्या बैठकीत सूत्रसंचालक तो सर्वांत आधी वाचतो.